मार्गशीर्ष गुरुवारचा घट: लक्ष्मी सजवताना पडणारे प्रश्न

मार्गशीर्ष लागला की सासरच्या-माहेरच्या मुलींचे, शेजारणींचे तेच तेच प्रश्न येतात. नारळ कलतो, साडी ओली होते, पानं संध्याकाळपर्यंत मान टाकतात. पूजेचा विधी पोथीत दिलेला आहे आणि तो मी इथे सांगत बसणार नाही. तांब्यावर नारळ ठेवून त्याची साडी-दागिन्यांतली लक्ष्मी कशी उभी करायची, एवढ्यापुरतीच ही उत्तरं आहेत. घट एकदा मांडला की दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचा नसतो, म्हणून जे काही ठरवायचं ते मांडण्याआधी, हे सगळ्या उत्तरांच्या मुळाशी आहे.

यंदा गुरुवार किती येणार, चार की पाच?

चांद्रमास २९ किंवा ३० दिवसांचा असतो, म्हणजे चार आठवडे आणि वर एक-दोन दिवस. त्यामुळे बहुतेक वर्षी चारच गुरुवार येतात. महिना गुरुवारी सुरू झाला, किंवा बुधवारी सुरू होऊन पूर्ण तीस दिवसांचा झाला, तर पाच येतात. २०२३ सालच्या मार्गशीर्षात असंच झालं होतं. पाचवा गुरुवार ११ जानेवारी २०२४ ला आला आणि त्याच दिवशी अमावास्या होती, म्हणून उद्यापन चौथ्या गुरुवारी करावं की पाचव्या, असा घोळ घरोघरी झाला. अशा वेळी आपल्या घरची रीत किंवा आपले गुरुजी जे सांगतील ते करावं. सजावटीच्या दृष्टीने फरक एवढाच, की पाच गुरुवार असतील तर तोच नारळ महिनाभर टिकेल का, याचा विचार आधी करायला हवा.

तांब्या कुठला घ्यावा?

तांब्याचा किंवा पितळेचा, पोट मोठं आणि मान आखूड असलेला. चांदीचा असेल तर उत्तमच. स्टीलचा लोटा नको म्हणतात तो परंपरेमुळे, पण त्याला एक व्यावहारिक कारणही आहे. स्टीलचे बरेच लोटे सरळसोट उभे असतात, त्यांना मान नसते, आणि मान नसली की साडीची दोरी घसरते.

खरं लक्ष तोंडाच्या मापाकडे द्या. सोललेला नारळ मधोमध साधारण दहा-अकरा सेंटिमीटर जाड असतो. तांब्याचं तोंड सात-आठ सेंटिमीटर असेल तर नारळ त्यात थोडा उतरून नीट बसतो. तोंड याहून लहान असेल तर नारळ नुसता काठावर टेकतो आणि जरा धक्का लागला की डुलतो. खूप मोठं असेल तर आत पडतो. बाजारात जाताना तांब्याच्या तोंडाएवढी दोऱ्याची गोल गाठ मारून न्या आणि ती नारळाला लावून बघा. मी दरवर्षी असंच करते.

नारळ लहानच मिळाला, आता काय?

चुंबळ करा. डोक्यावर हंडा घेताना करतात तशीच, पण छोटी. जुन्या सुती कापडाची पट्टी पिळून तिचं कडं करा, शेवट आत खोचा आणि ते तांब्याच्या तोंडावर बसवा. पानांचे देठ त्या कड्याच्या आतून पाण्यात सोडायचे आणि नारळ पानांवर ठेवायचा. वरून फक्त पानं दिसतात, चुंबळ झाकली जाते. एकच सांभाळा, चुंबळीचं कुठलंही टोक आत पाण्यापर्यंत लोंबू देऊ नका. कापडाचं टोक पाण्यात राहिलं तर ते वातीसारखं पाणी वर ओढतं आणि रात्रभरात बाहेर साडीवर उतरवतं.

घटात काय घालायचं आणि पाणी किती भरायचं?

सुपारी, नाणं, दूर्वा, हळदकुंकू, अक्षता, आणि वरून एखादं फूल. पाणी तीन चतुर्थांश. कमी नको, कारण तांब्यातलं पाणी हेच घटाचं वजन आहे. साधारण लिटरभराच्या तांब्यात पाऊण लिटर पाणी म्हणजे पाऊण किलो वजन अगदी खाली बसतं, आणि वरच्या अर्धा-पाऊण किलोच्या नारळाला व मुखवट्याला ते धरून ठेवतं. अर्धाच भरलेला तांब्या वरून जड होतो.

जास्तही नको. देठ पाण्यात चार बोटं बुडावेत, पण नारळाचं बूड पाण्याला लागता कामा नये. बूड भिजलं की नारळ आतून कुजायला लागतो. पाणी भरण्याआधी रिकाम्या तांब्यात नारळ ठेवून बघा, बूड कुठवर येतं ते लक्षात घ्या आणि त्याच्या दोन बोटं खाली पाणी राहील एवढंच भरा.

आंब्याचीच पानं हवीत का? पाच प्रकारची कुठून आणायची?

शास्त्रात पंचपल्लव म्हणून आंबा, वड, पिंपळ, उंबर आणि पायर ही नावं येतात. बाजारात या दिवसांत ‘पाच फांद्यांची जुडी’ म्हणून जे मिळतं त्यात यातली सगळी असतातच असं नाही. पेरू, चिकू, सीताफळ, अशोकाचीही पानं बांधलेली असतात. आमच्याकडे आंब्याचा एक पाच पानी डहाळा असतोच आणि बाकीची मिळतील ती. काही घरांत विड्याची पाच पानं लावतात, तेही चालत आलेलं आहे.

सजावटीसाठी आंब्याचं पान सगळ्यांत कामाचं, कारण ते जाड असतं आणि नारळाचा भार पेलतं. मात्र कोवळी तांबूस पालवी घेऊ नका. सकाळी ती सुंदर दिसते, पण दुपारी गळते आणि तिच्यावर टेकलेला नारळही खाली बसतो. गर्द हिरवं, जून पान घ्यावं, वीतभर लांबीचं. धुतल्यावर प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी कोरडं पुसा. साडी ओली व्हायचं सगळ्यांत मोठं कारण घटातलं पाणी नसतंच, न पुसलेल्या पानांवरून ओघळणारं पाणी असतं.

नारळ निवडताना काय बघायचं? शेंडी हवीच का?

हवीच. पूजेच्या दृष्टीने तर हवीच, पण मुखवट्याची दोरी अडकवायलाही शेंडीच कामाला येते. विक्रेत्याला आधीच सांगा की बाकी सगळं सोला, शेंडी ठेवा. घरी आल्यावर अंगावरची उरलेली किशी हाताने ओढून काढा, म्हणजे मुखवटा सपाट बसेल.

नारळ कानाशी धरून हलवा, पाणी खळखळलं पाहिजे. शेंडी जरा बाजूला करून डोळे बघा. ते कोरडे हवेत, ओलसर किंवा बुरसट नकोत. करवंटीवर केसाएवढी चीर असेल तरी तो नारळ परत करा, ती पुढे वाढते.

तोच नारळ सगळे गुरुवार चालतो का? आणि मध्येच तडकला तर?

बऱ्याच घरांत एकच नारळ महिनाभर ठेवतात, काही घरांत दर गुरुवारी नवा. दोन्ही रीती मी जवळून पाहिल्या आहेत. एकच ठेवणार असाल तर शुक्रवारी घट हलवल्यावर नारळ कोरड्या फडक्याने पुसून टोपलीत उघडा ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको, आत दमट होऊन डोळ्यांपाशी बुरशी धरते. पुढच्या गुरुवारी मांडण्याआधी डोळ्यांपाशी वास घ्या. आंबूस आला तर बदला.

तडकण्याची भीती बायकांच्या मनात फार असते, म्हणून हे नीट सांगते. सोललेल्या नारळाची करवंटी हवेला उघडी पडते आणि वाळता वाळता आकसते. पंख्याचा झोत, शेजारी तेवणारी समई, थंडीतली कोरडी हवा, सगळं एकाच वेळी लागलं की आकसणं एकसारखं होत नाही आणि करवंटीला चीर जाते. यात कुणाच्या हातून काही चुकलेलं नसतं, देवीचा कोप तर नसतोच. माझ्या सासूबाई अशा वेळी हात जोडून दुसरा नारळ ठेवायच्या आणि तडकलेल्याची त्याच दिवशी वडी करून सगळ्यांना वाटायच्या. मीही तसंच करते.

मुखवटा पुढे कलतो. काय चुकतंय?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो. माझ्याकडेही एकदा झालं आहे. दुसरा गुरुवार होता, नवा पितळी मुखवटा आणला होता, अडीचशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा. सकाळी देवी सरळ समोर बघत होती. संध्याकाळी आरतीच्या वेळी बघितलं तर नजर चौरंगाकडे उतरलेली आणि हनुवटी आंब्याच्या पानाला टेकलेली. सगळ्यांना वाटलं किती छान, लाजल्यासारखी दिसते. रात्री साडेआठला नारळ पुढे घसरला, पाणी सांडलं, तांदूळ भिजले.

तेव्हापासून ती खूण मी लक्षात ठेवली आहे. मुखवट्याची नजर सकाळपेक्षा खाली आली, हनुवटी आणि पान यांतलं अंतर कमी झालं, की नारळ सरकायला लागला आहे असं समजा. तेव्हाच मागून नारळाला आधार द्या. घट हलत नाही, फक्त शेंडीमागे पानांचा एखादा डहाळा खोचून नारळ सावरता येतो.

त्या दिवशी तीन गोष्टी एकदम जमून आल्या होत्या. तांब्याचं तोंड लहान होतं, पाणी अर्धंच होतं आणि मुखवटा जड होता. वजन सगळं समोर, मागे काहीच नाही. आता मी मुखवटा असा बांधते: कानांपाशी जी भोकं असतात त्यांतून सुती दोरी ओवायची, दोन्ही टोकं नारळामागे नेऊन एक गाठ, मग तीच दोरी वर शेंडीभोवती दोन वेढे घेऊन पक्की गाठ. नुसती मागे गाठ मारली तर नारळ गोल असल्यामुळे दोरी वर सरकते आणि सैल पडते. शेंडीचे वेढे तिला धरून ठेवतात. नंतर नारळ तांब्यावर ठेवताना शेंडी अगदी किंचित मागे झुकवायची, आणि मागच्या बाजूला वेणी किंवा जाड गजरा माळायचा. शेवंतीची भरगच्च वेणी मागून चांगला तोल देते.

सगळं झालं की चौरंगाच्या कडेवर बोटाने दोनदा हलकं टकटक करून बघा. मुखवटा थरथरून जागेवर आला तर ठीक. एकीकडे सरकला तर पूजा सुरू करण्याआधीच उतरवून पुन्हा बसवा.

मुखवटा नसेल तर?

नसला तरी चालतं. पूर्वी सगळ्यांकडे मुखवटे कुठे होते? नारळाला हळद लावून कुंकवाचा टिळा, आणि हवं तर नथ. हळद पाण्यात कालवताना घट्ट कालवा, पातळ लेप ओघळतो.

साडी कशी नेसवायची? अख्खी साडी लागते का?

अख्खी साडी नुसत्या तांब्याला फार होते. तिच्या निऱ्यांचा ढीग होतो आणि घट दिसेनासा होतो. साडी नेसवायचीच असेल तर हात असलेला स्टँड लागतो. घरच्या तांब्याला एक खण पुरतो, आणि मला तोच जास्त शोभतो असं वाटतं.

माझ्या तांब्याचं माप धरून सांगते. मानेपासून पोटावरून चौरंगापर्यंत कापड साधारण अठरा सेंटिमीटर लागतं, आणि खाली तांदळावर दोन सेंटिमीटर पसरायला हवं, म्हणजे वीस. खण एक मीटर लांब आणि ऐंशी सेंटिमीटर रुंद असेल तर रुंदीत दोनदा दुमडा, बरोबर वीस सेंटिमीटरची पट्टी होते. दुमडताना काठ बाहेरच्या अंगाला आणि खालच्या कडेला येईल असं बघा. मग चार-चार सेंटिमीटरच्या निऱ्या घाला. एका निरीला आठ सेंटिमीटर कापड जातं, म्हणून मीटरभरात बारा निऱ्या होतात. वरच्या कडेला एक लांब धावदोरा घालून निऱ्या धरून ठेवा, इस्त्रीचा हलका हात फिरवा. हे काम बुधवारी रात्रीच करून ठेवावं.

गुरुवारी रिकाम्या तांब्याच्या मानेभोवती ही पट्टी पुढून गुंडाळून मागे दोरी बांधायची. प्रत्येक निरी साधारण एका बोटाएवढी दिसेल इतकी उलगडली की पुढची सगळी मान भरते. मागे थोडं उघडं राहिलं तरी चालतं, तिथे तसबीर किंवा भिंत असते. तांब्याला हळदीकुंकवाची आठ बोटं ओढायची असतील तर ती आधी ओढून पूर्ण वाळू द्या, नाहीतर खणावर डाग पडतो आणि कुंकवाचा डाग सहजासहजी जात नाही.

डोक्यावरच्या पदरासाठी दुसरा खण किंवा ओढणीचा तुकडा दहा-बारा सेंटिमीटरच्या पट्टीत दुमडायचा. मधला भाग शेंडीवर, मुखवट्याच्या मागे, आणि दोन्ही टोकं खांद्यावरून उतरल्यासारखी बाजूंनी खाली आणून मानेच्या दोरीत खोचायची. पदर शेंडीच्या पुढे आणू नका, मुखवट्यावर सावली पडते आणि चेहरा काळवंडलेला दिसतो.

सगळ्याचा क्रम काय?

रांगोळी, चौरंग, त्यावर वस्त्र, तांदळाची रास. रिकाम्या तांब्याला खण बांधून तो राशीवर दाबून बसवायचा, हातांनी जरा गोल फिरवून, म्हणजे तांदूळ तळाला नीट धरतात. मग तांब्या जागेवर असतानाच पाणी ओतायचं आणि आतल्या वस्तू सोडायच्या. त्यानंतर पानं. मुखवटा बांधलेला नारळ, त्याच्यावरचे नथ-बिंदी वगैरे बारीक दागिने आधीच घालून, शेवटी वर ठेवायचा. मग पदर, गळ्यातले दागिने, वेणी, हार. भरलेला आणि नटवलेला घट उचलून चौरंगावर ठेवायला जाऊ नका. तो सांडतोच.

गळ्यातले दागिने खाली घसरतात, ते कसे राहतात?

नारळाला मान नाही, म्हणून. मंगळसूत्र, मोहनमाळ, बोरमाळ थेट नारळावर घातली की ती पानांवर येऊन पडते. त्यासाठी शेंडीला एक वेगळा दोरा बांधा, त्याची दोन टोकं नारळाच्या दोन्ही बाजूंनी हनुवटीच्या पातळीपर्यंत सोडा आणि दागिन्यांचे आकडे त्या टोकांना अडकवा. पदरामुळे दोरा दिसत नाही आणि माळा हव्या त्या उंचीवर राहतात. ठुशी सगळ्यांत वर, मग मंगळसूत्र, मग लांब माळ. तीन पुरे. कंबरपट्टा खणाच्या वर, तांब्याच्या पोटाच्या सगळ्यांत फुगीर भागाच्या थोडा वर बांधा, फुगीर भागावर तो टिकत नाही.

नकली दागिने असतील तर ओल्या हाराला ते चिकटू देऊ नका, मुलामा काळा पडतो. हाराआधी फुलं पंख्याखाली थोडा वेळ पसरून ठेवा.

समई किती लांब ठेवायची?

हातभर तरी, आणि घटाच्या बाजूला, समोर नको. खणाचं किंवा ओढणीचं कापड आजकाल बरंचसं कृत्रिम धाग्याचं असतं आणि ते पेटताना वितळून चिकटतं. आरती ओवाळताना पदराची टोकं खोचलेली आहेत ना, तेवढं एकदा बघा. निरांजनाची ज्योत मोकळ्या पदराला लागायला क्षण पुरतो.

मासिक पाळी आली किंवा सोयर-सुतक असलं तर?

पाळीच्या वेळी रूढी अशी, की आपण उपवास करावा आणि घट घरातल्या दुसऱ्या कुणाकडून मांडून घ्यावा. सोयर-सुतकात तो गुरुवार सोडतात. बुधवारी रात्री निऱ्या घालून ठेवल्या असतील तर ऐनवेळी नवऱ्याला किंवा मुलालाही मांडता येतं. आमच्याकडे मुलाने दोन वेळा मांडला आहे, आणि त्याच्या हातची नथ माझ्यापेक्षा सरळ बसते.

शुक्रवारी काय काय उतरवायचं?

सकाळी आंघोळ करून हळदकुंकू वाहायचं, अक्षता टाकून घट जागचा किंचित हलवायचा. मगच उतरवायला घ्यायचं. आधी हार आणि वेणी, मग दागिने, मग पदर, मग नारळ. खण सगळ्यांत शेवटी, तांब्या रिकामा केल्यावर. पाणी तुळशीला घालतात, डहाळे घराच्या चार कोपऱ्यांत आणि उरलेला एक देवापाशी किंवा आपल्या रीतीप्रमाणे. राशीचे तांदूळ ओले झाले नसतील तर पुढच्या गुरुवारीही चालतात. ओले असतील तर त्याच दिवशी शिजवा, ठेवले तर वास येतो.

शेवटच्या गुरुवारनंतर मुखवटा आणि खण कसे ठेवायचे?

मुखवट्यावरचं कुंकू कोरड्या मऊ फडक्याने पुसायचं. पितळी असेल तर चिंचेने घासायचा मोह होतो, पण डोळे-ओठ रंगवलेले असतील तर रंग निघतो, म्हणून तिथे फक्त कोरडंच फडकं. दोरी काढून टाकायची, दरवर्षी नवी. खणाचा धावदोरा मात्र मी काढत नाही. निऱ्या तशाच ठेवून सुती कापडात गुंडाळते, आणि पुढच्या मार्गशीर्षात बुधवारी रात्री नुसती इस्त्री फिरवली की खण तयार होतो.